कंपनीची पोस्ट, कर्मचाऱ्याचे खाते : विनंती कोठे संपते आणि सक्ती कोठे सुरू होते?

सकाळी साडेनऊची वेळ. कामगारांच्या व्हॉट्सअॅप गटावर मालकाचा निरोप येतो : 'आजची जाहिरात सर्वांनी स्टेटसला ठेवावी.' खाली हात जोडल्याचे चिन्ह. पाच मिनिटांत दोघांचे 'हो साहेब' येते, अर्ध्या तासात आणखी सहा जणांचे. उरलेले चार-पाच जण निरोप वाचूनही गप्प राहतात आणि आपण गप्प आहोत हे सर्वांना दिसत आहे, याची जाणीव त्यांना दिवसभर होत राहते. मालकाने कोणालाही धमकावलेले नसते. त्याच्या दृष्टीने ती साधी विनंती असते. तरीही ज्याला नाही म्हणायचे आहे, त्याला ते म्हणता येत नाही.

कोपरगावसारख्या तालुक्याच्या गावी हा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. गोदावरीकाठच्या या गावाची ओळख साखर कारखान्यांची असली, तरी गावातील आणि शहरालगतच्या औद्योगिक वसाहतीतील बहुतेक पेढ्या दहा-वीस माणसांच्या असतात. शेती अवजारे, ठिबकचे साहित्य, खाद्यपदार्थ, छपाई, यंत्रदुरुस्ती अशी त्यांची कामे. जाहिरातीसाठी वेगळा माणूस ठेवणे त्यांना परवडत नाही. मग कर्मचाऱ्यांच्या फेसबुक, व्हॉट्सअॅप, इन्स्टाग्राम खात्यांवरून आपली पोस्ट फिरावी, असे मालकाला वाटू लागते. ही अपेक्षा गैर नाही. ती कशी मांडावी, कोणत्या पोस्टसाठी मांडावी आणि कोठे थांबावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. तो करण्याचा हा प्रयत्न.

मालकाला कर्मचाऱ्याचे खाते का हवे असते?

फेसबुकने 2007 मध्ये व्यवसायांसाठी स्वतंत्र 'पेज' सुरू केले, तेव्हा पेजवर टाकलेला मजकूर ते पसंत केलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना दिसत असे. पुढे मजकुराची गर्दी वाढत गेली आणि ही स्थिती पालटली. जानेवारी 2018 मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी जाहीर केले, की यापुढे मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्टना अग्रक्रम मिळेल आणि व्यवसायांचा व प्रसारमाध्यमांचा मजकूर त्यामानाने कमी दिसेल. त्यामुळे पैसे न मोजता पेजवर टाकलेली पोस्ट फार थोड्यांपर्यंत जाते. तीच पोस्ट एखाद्या माणसाने आपल्या नावाने, दोन ओळी लिहून पुढे पाठवली, तर ती दिसण्याची शक्यता वाढते.

व्हॉट्सअॅपचे गणित याहून वेगळे आहे. स्टेटस चोवीस तासच टिकते आणि सर्वसाधारणपणे ज्या दोघांनी एकमेकांचे क्रमांक जतन केलेले आहेत, त्यांनाच ते दिसते. म्हणून पेढीच्या दृष्टीने सर्व कर्मचाऱ्यांचे स्टेटस सारखे मोलाचे नसते. शेतावर जाऊन ठिबक जोडून देणाऱ्या कारागिराचा क्रमांक शंभर शेतकऱ्यांनी जतन केलेला असतो, त्याचाही क्रमांकसंग्रह त्यांच्याच नावांनी भरलेला असतो. हिशेबनीसाच्या यादीत नातेवाईक, वर्गमित्र आणि मुलांच्या शाळेतील पालक असतात. त्यांच्यातील फार थोड्यांना ठिबकची नळी विकत घ्यायची असते. सर्वांनी पोस्ट ठेवलीच पाहिजे, हा हट्ट व्यवहाराच्या कसोटीवरही टिकत नाही, हे येथेच ध्यानात यावे. चौदापैकी योग्य अशा तिघा-चौघांनी मनापासून ठेवलेली पोस्ट चौदा जणांनी नाइलाजाने ठेवलेल्या पोस्टपेक्षा अधिक काम करते.

छोट्या पेढीत विनंतीचा हुकूम होतो

मोठ्या कंपनीत हजार माणसांपैकी सातशे जणांनी पोस्ट पुढे पाठवली नाही, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. चौदा माणसांच्या पेढीत प्रत्येकाची अनुपस्थिती ठळक दिसते. शिवाय येथे मालक हाच वरिष्ठ असतो, पगार ठरवणारा असतो, सुटी मंजूर करणारा असतो. अनेकदा तो कर्मचाऱ्याच्या गावचा, भावकीतला किंवा वडिलांच्या ओळखीचा असतो. तोच फेसबुकवर कर्मचाऱ्याच्या मित्रयादीत असतो आणि त्याचे स्टेटसही रोज पाहतो. 'जमले तर करा' हे त्याचे शब्द ऐकणाऱ्याच्या कानी 'करा' एवढेच पोचतात.

त्यात साधनांची भर पडते. व्हॉट्सअॅप गटावरील निरोप कोणी वाचला आणि कोणी नाही, हे पाठवणाऱ्याला त्या निरोपाच्या माहितीत पाहता येते. ज्यांनी वाचल्याची खूण बंद ठेवली आहे, त्यांचीही नावे गटात दिसतात. म्हणजे 'मी निरोप पाहिलाच नाही' ही सोयीची पळवाटही उरत नाही. कामाच्या गटावर अशी विनंती टाकणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक होय. त्या गटावर हजेरी, माल पोचल्याची वर्दी, उद्याच्या कामाची वाटणी असे निरोप येतात आणि त्यांचे पालन अपेक्षित असते. त्याच रांगेत आलेली विनंतीही मग आदेशाचेच रूप घेते.

नकारामागची कारणे विचारू नयेत

जो कर्मचारी पोस्ट ठेवत नाही, त्याचे पेढीवर प्रेम नाही, असा निष्कर्ष मालक चटकन काढतो. वास्तविक कारणे बहुधा पेढीबाहेरची असतात. एखाद्या तरुणीने आपले खाते मोजक्या नातलगांपुरते मर्यादित ठेवलेले असते आणि आपण कोठे काम करतो हे अनोळखी माणसांना कळू नये, अशी तिची इच्छा असते. एखाद्याचा मेव्हणा प्रतिस्पर्धी दुकानात कामाला असतो. कोणी दुसरीकडे नोकरीच्या शोधात असतो. कोणाच्या घरी 'एवढे शिकून येथेच का' हा प्रश्न अजून मिटलेला नसतो. ही कारणे सांगण्यासारखी नसतात, म्हणून 'का नाही ठेवलीस?' हा प्रश्न कितीही हसून विचारला, तरी तो जाचकच ठरतो.

तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक कारण असते, ते म्हणजे राजकारण. सण, वाढदिवस, निवडीचे अभिनंदन अशा निमित्तांनी पेढीच्या नावाने शुभेच्छांचे फलक तयार होतात. त्यावर मालक ज्या नेत्याला मानतो, त्याचे छायाचित्र झळकते. मालकासाठी तो व्यवसायातील सौजन्याचा भाग असेल. पण कर्मचाऱ्याच्या घरातील माणसे दुसऱ्या गटाची असू शकतात. सोसायटीच्या, बाजार समितीच्या किंवा कारखान्याच्या निवडणुकीत त्याच्या काकाने विरुद्ध बाजूने अर्ज भरलेला असू शकतो. असा फलक त्याच्या खात्यावरून गेला, की जाहिरात राहते बाजूला आणि घरी, पारावर खुलासे देण्याची वेळ येते. म्हणून पहिला नियम असा करावा, की ज्या पोस्टवर कोणत्याही पक्षाचा, गटाचा वा नेत्याचा संबंध आहे, ती कर्मचाऱ्यांपुढे विनंतीसाठीही ठेवू नये. मालकाने ती खुशाल स्वतःच्या खात्यावर ठेवावी.

कोणती पोस्ट माणूस आपणहून ठेवतो?

आता एक कल्पित उदाहरण तपशिलाने पाहू. समजा, कोपरगावात ठिबक व तुषार सिंचनाचे साहित्य विकणारी आणि बसवून देणारी एक पेढी आहे. मालक धरून चौदा माणसे. चार जण शेतावर जोडणी करणारे कारागीर, तीन जण विक्रीवर, दोघी कार्यालयात, एक हिशेबनीस, बाकीचे गोदाम आणि वाहतुकीवर. पेढीचे फेसबुक पेज आहे. आजवर त्यावर दोनच प्रकारच्या पोस्ट जात : 'आमच्याकडे सर्व नामांकित कंपन्यांचे साहित्य रास्त दरात मिळेल' आणि सणांच्या शुभेच्छा. त्या पुढे पाठवण्याची विनंती केली, की पहिल्या आठवड्यात सर्व जण पाठवत, चौथ्या आठवड्यात कोणीच नाही.

यात कर्मचाऱ्यांचा आळस नाही. 'रास्त दरात मिळेल' हे वाक्य पुढे पाठवून कारागिराला त्याच्या ओळखीच्या शेतकऱ्यांत काहीच मिळत नाही. उलट हाही आता जाहिराती पाठवू लागला, असे ते म्हणतात. माणूस स्वतःच्या खात्यावर तीच गोष्ट ठेवतो, जी त्याला आपल्या माणसांत जाणकार, उपयोगी किंवा अभिमानास पात्र ठरवते. त्यामुळे बदल विनंतीच्या शब्दांत करण्याआधी पोस्टमध्ये करावा लागतो.

समजा, त्याच पेढीने गोदावरीच्या कालव्याला आवर्तन सुटण्याच्या सुमारास एक पोस्ट तयार केली. विषय, वाळूची गाळणी केव्हा धुवावी. कालव्याचे गढूळ पाणी शेततळ्यात आले, की गाळणीत गाळ साचतो, तिच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबमापकांतील फरक वाढत जातो आणि शेवटच्या ओळींना पाणी कमी पोचते. तो फरक नेहमीपेक्षा वाढलेला दिसला, की उलट प्रवाह देऊन गाळणी धुवावी; बाहेर पडणारे पाणी स्वच्छ दिसेपर्यंत थांबू नये. सोबत दोन दाबमापकांचे छायाचित्र आणि ज्या कारागिराने ते काढले, त्याचे नाव, अर्थात त्याची संमती घेऊन. खाली पेढीचे नाव आणि क्रमांक एका ओळीत.

ही पोस्ट कारागीर आपणहून ठेवतो, कारण रोज फोनवर तो हेच सांगत असतो. आता त्याला सांगण्याऐवजी दाखवता येते. त्याचे नाव त्यावर आहे. शेतकऱ्याला ती जपून ठेवावीशी वाटते. पेढीची जाहिरात त्यातून होतेच. पण ती उपयुक्ततेच्या मागून येते.

दुसरा चांगला प्रकार म्हणजे पेढीतील माणसांची कामे : कोणी नवे प्रशिक्षण पूर्ण केले, कोणाला दहा वर्षे झाली, पुरानंतर सलग आठ दिवस जाऊन कोणी संच दुरुस्त केले. अशी पोस्ट त्या व्यक्तीला आधी दाखवावी आणि तिने होकार दिला तरच प्रसिद्ध करावी. तिसरा प्रकार नोकरभरतीचा. 'आमच्याकडे जोडणी करणारा माणूस हवा' ही पोस्ट बहुधा सर्वांत सहज पुढे जाते, कारण ती पाठवणारा कोणाच्या तरी उपयोगी पडत असतो.

याउलट दर, सवलती आणि सरकारी अनुदान यांच्या पोस्टबाबत सावध राहावे. अनुदानाची टक्केवारी अल्प व अत्यल्प भूधारकांसाठी वेगळी आणि इतरांसाठी वेगळी असते. निधी आणि नियमही बदलतात. फेसबुकवर पेजची पोस्ट 'शेअर' केलेली असेल आणि पेढीने मूळ पोस्ट दुरुस्त केली, तर दुरुस्त मजकूर दिसतो. मूळ पोस्ट काढली, तर पुढे पाठवलेलीही दिसेनाशी होते. व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून गेलेला मजकूर मात्र परत येत नाही. चुकीचा आकडा गेला, तर शेतकरी मालकाला गाठण्याआधी आपल्या ओळखीच्या कारागिराला गाठतो. ज्या शब्दाची जबाबदारी कर्मचारी घेऊ शकत नाही, तो शब्द त्याच्या नावाने पसरवू नये.

निरोप कसा द्यावा?

उदाहरणातील पेढीने यासाठी पुढील व्यवस्था केली, असे समजू. मालकाने एकदाच, सर्वांच्या बैठकीत, तोंडी आणि लेखी सांगितले, की पेजवर आठवड्यातून एक पोस्ट येईल. ज्याला ती योग्य वाटेल त्याने पुढे पाठवावी, न पाठवणाऱ्याला कोणी विचारणार नाही. त्यानंतर कामाच्या गटावर याविषयी एकही निरोप टाकायचा नाही, हे ठरले. पोस्टचे चित्र आणि मजकूर व्हॉट्सअॅपच्या 'चॅनेल'वर ठेवला गेला. चॅनेलची सुविधा भारतात सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झाली. त्यात एका अनुयायाला दुसरा अनुयायी दिसत नाही, त्यामुळे सहकाऱ्यांच्या देखत होकार-नकार देण्याचा प्रश्न मिटतो. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. ज्यांचे क्रमांक चॅनेल चालवणाऱ्याकडे जतन आहेत, ते अनुयायी त्याला ओळखू येऊ शकतात आणि छोट्या पेढीत मालकाकडे सर्वांचेच क्रमांक असतात. म्हणून चॅनेल चालवण्याचे काम मालकाकडे किंवा पगार ठरवणाऱ्याकडे नसावे. कार्यालयातील एखाद्या सहकाऱ्याकडे द्यावे.

मजकूर तयार असला, तरी तो जसाच्या तसा उतरवण्याची अपेक्षा धरू नये. चौदा खात्यांवर एकाच दिवशी तेच शब्द दिसले, की वाचणाऱ्याला ते पाठ करून घेतल्यासारखे वाटते. कर्मचाऱ्याने आपल्या बोलीत एक ओळ लिहावी, चित्र तेवढे घ्यावे, किंवा मजकुरातील न पटणारा भाग गाळावा, ही मोकळीक स्पष्ट शब्दांत द्यावी. कोणाला दाखवायचे, हेही त्यानेच ठरवावे. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसमध्ये ठरावीक संपर्क वगळण्याची आणि ठरावीक लोकांनाच दाखवण्याची सोय आहे; फेसबुकवरही पोस्ट कोणाला दिसावी हे निवडता येते. या सोयी कर्मचाऱ्यांना दाखवून द्याव्यात. नातलगांना वगळून फक्त ग्राहकांना पोस्ट दाखवता येते हे कळल्यावर, आधी नकार देणाराही कधी कधी तयार होतो. मात्र हे मन वळवण्याचे नवे हत्यार म्हणून वापरू नये.

मालकाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट पुढे आहे. ज्याने पोस्ट ठेवली, त्याचे गटावर जाहीर कौतुक करू नये. 'धन्यवाद, शिंदे, पाटील, शेख' एवढे लिहिले, तरी ज्यांची नावे त्यात नाहीत, त्यांची यादीही आपोआप वाचली जाते. आभार मानायचेच असतील, तर चांगली माहिती किंवा छायाचित्र दिल्याबद्दल मानावेत. पुढे पाठवल्याबद्दल नव्हे.

मोजमाप पोस्टचे, माणसांचे नव्हे

उपयोग होतो की नाही, हे मालकाला कळले पाहिजे. त्यासाठी प्रत्येक कर्मचाऱ्याला वेगळा दुवा देऊन कोणामुळे किती चौकशा आल्या हे मोजण्याची युक्ती सुचवली जाते. छोट्या पेढीत ती टाळावी. असा तक्ता एकदा तयार झाला, की तो पगारवाढीच्या वेळी डोळ्यांपुढे येतोच.

त्याऐवजी सर्वांसाठी एकच दुवा ठेवावा. व्हॉट्सअॅपवर चौकशीसाठी पुढील स्वरूपाचा दुवा पुरतो. त्यात क्रमांकाच्या जागी पेढीचा क्रमांक देशाच्या संकेतांकासह आणि शेवटी पोस्टची खूण घालायची :

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=GALANI
```

हा दुवा दाबणाऱ्याच्या निरोपात ती खूण आपोआप लिहिलेली येते. कोणत्या पोस्टमुळे चौकशी आली हे कळते. कोणाच्या खात्यावरून आली हे कळत नाही, आणि ते कळण्याची गरजही नसते. दुकानात येणाऱ्यांसाठी चौकशीच्या वहीत 'कोठून समजले?' असा एक रकाना वाढवावा. त्यात 'ओळखीच्याच्या मोबाइलवर पाहिले' एवढी नोंद पुरे.

उदाहरणातील पेढीने तीन महिन्यांत बारा पोस्ट टाकल्या, असे धरू. नऊ पोस्ट कोणी फारशा पुढे पाठवल्या नाहीत. गाळणीची, ठिबकच्या नळ्या उंदरांपासून वाचवण्याची आणि नोकरभरतीची अशा तीन पोस्ट मात्र बऱ्याच ठिकाणी गेल्या आणि त्यांच्या खुणेने चौकशा आल्या. येथे मालकापुढे दोन वाटा असतात. उरलेल्या नऊ पोस्ट का पाठवल्या नाहीत, असे माणसांना विचारणे ही एक. पुढच्या तिमाहीत त्या तीन पोस्टसारख्याच पोस्ट करणे ही दुसरी. पुढे न गेलेली पोस्ट हा कर्मचाऱ्यांनी न बोलता दिलेला अभिप्राय असतो. तो फुकट मिळतो आणि बहुधा खरा असतो. सक्ती केली, की हा अभिप्रायच नाहीसा होतो. वाईट पोस्टही चांगल्या पोस्टइतकीच फिरते आणि मालकाला फरक कळेनासा होतो.

बक्षीस आणि कायदा

'सर्वाधिक पोस्ट पाठवणाऱ्यास भेटवस्तू' ही कल्पना निरुपद्रवी वाटते. तिचे दोन तोटे आहेत. पहिला असा, की बक्षीस देण्यासाठी मोजणी करावी लागते आणि मोजणी म्हणजे वर सांगितलेली यादी. दुसरा असा, की मोबदला घेऊन केलेली शिफारस ही मैत्रीतील शिफारस राहत नाही, आणि येथे ग्राहक संरक्षणाचा प्रश्न उभा राहतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिराती व शिफारशींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. शिफारस करणारा आणि उत्पादक यांच्यात ग्राहकाच्या मतावर परिणाम करील असा संबंध असेल, तर तो उघड करावा, असे ती सांगतात. जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी सोपी पुस्तिका काढली. तिचा रोख मुख्यतः नामवंतांकडे आणि प्रभावकांकडे असला, तरी उघड करावयाच्या संबंधांत पैसे, भेटवस्तू, सवलती यांच्या जोडीला नोकरीचे नातेही तिने गणले आहे. त्यामुळे 'हा संच मी पाहिलेल्यांत सर्वोत्तम' असे लिहिणाऱ्या विक्री कर्मचाऱ्याने 'मी याच पेढीत काम करतो' हे त्याच पोस्टमध्ये, पहिल्या ओळींत लिहिणे उचित. यात कमीपणा काही नाही. गावात ते ठाऊक असतेच. येवला, वैजापूर किंवा सिन्नरच्या अनोळखी वाचकाला ते ठाऊक नसते.

असा संबंध लपवल्यास काय होते, याचे अमेरिकेतील एक गाजलेले उदाहरण आहे. सोनी कंपनीच्या 'प्लेस्टेशन व्हिटा' या खेळयंत्राची जाहिरात डॉइश एलए या संस्थेकडे होती. तेथील एका कनिष्ठ अधिकाऱ्याने सहकाऱ्यांना ई-मेल पाठवून आपापल्या ट्विटर खात्यांवरून या यंत्राविषयी #gamechanger या खुणेसह लिहिण्यास सांगितले. अनेकांनी लिहिले, आपण जाहिरात संस्थेत आहोत हे लिहिले नाही. वाचणाऱ्यांना ती सामान्य ग्राहकांची मते वाटली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ही फसवणूक ठरवली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये झालेल्या तडजोडीत असे प्रकार पुन्हा न करण्याचे बंधन संस्थेने स्वीकारले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की सारे एका ई-मेलपासून सुरू झाले आणि तो लिहिणाऱ्याला त्यात गैर असे काही वाटले नसावे.

सरकारी नोकरीत ही वाट मुळातच अरुंद आहे. राज्य शासनाने जुलै 2025 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांचे जे नियम काढले, त्यात वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले आहे. खासगी पेढीला ते लागू नाहीत. तथापि खाते कोणाचे आणि बोलणे कोणाचे, ही सीमा स्पष्ट असावी, हा त्यातील विचार तिलाही उपयोगी आहे.

सक्ती शिरल्याची लक्षणे

मालकाचा हेतू चांगला असूनही सक्ती नकळत शिरते. ती बोलून दाखवली जात नाही, पण तिच्या खुणा दिसतात. निरोप गेल्यापासून अर्ध्या तासात सर्वांच्या पोस्ट येतात आणि त्यातील एकाही शब्दात फरक नसतो, ही पहिली खूण. नव्याने लागलेले, अद्याप कायम न झालेले लोक सर्वांत उत्साहाने पोस्ट ठेवतात आणि जुने, हक्काने बोलणारे लोक ठेवत नाहीत, ही दुसरी. ती सर्वांत बोलकी आहे. कारण ज्याला नोकरीची भीती अधिक, त्याचा सहभाग अधिक, असा तिचा अर्थ होतो. कोणी फक्त पेढीच्या पोस्टसाठी दुसरे खाते उघडतो, कोणी दुसऱ्या दिवशी पोस्ट काढून टाकतो, कोणी ती मालक आणि सहकाऱ्यांनाच दिसेल अशी ठेवतो. ही सारी सभ्य नकाराची रूपे आहेत. त्यांचा शोध घेत बसू नये. ती दिसू लागली, की महिनाभर विनंती थांबवून आपल्याच पोस्ट तपासाव्यात.

सक्ती नेहमी मालकाकडूनच येते असेही नाही. मालकाने एकदा सांगून सोडून दिलेले असते. पर्यवेक्षक मात्र साहेबांना बरे वाटावे म्हणून 'अरे, तुझे राहिले' असे रोज म्हणत असतो. म्हणून 'कोणी विचारणार नाही' या वचनात मधल्या माणसांनाही स्पष्टपणे बांधून घ्यावे.

चौकट : सूचनाफलकावर लावण्यासाठी नमुना

पेढीने पुढील मजकूर छापून, मालकाच्या स्वाक्षरीने लावावा. लेखी शब्दांमुळे कर्मचाऱ्याला आधार मिळतो आणि मालकालाही आपल्या शब्दाची आठवण राहते.

1. पेढीच्या पोस्ट स्वतःच्या खात्यावर ठेवणे पूर्णपणे ऐच्छिक आहे. त्याचा पगार, बढती, सुटी किंवा कामाच्या वाटणीशी संबंध नाही.

2. कोणी ठेवली, कोणी नाही, याची यादी ठेवली जाणार नाही. कोणीही कोणाला त्याविषयी विचारणार नाही.

3. मजकूर आपल्या शब्दांत बदलावा, कोणाला दाखवायचा ते स्वतः ठरवावे, केव्हाही काढून टाकावा.

4. मालाची शिफारस करताना आपण येथे काम करतो, हे लिहावे.

5. ग्राहकाचे नाव, शेत किंवा छायाचित्र त्याच्या संमतीवाचून टाकू नये. दर आणि अनुदान यांविषयीच्या प्रश्नांना स्वतः उत्तर न देता पेढीचा क्रमांक द्यावा.

6. राजकीय किंवा धार्मिक स्वरूपाची पोस्ट यासाठी दिली जाणार नाही.

7. नोकरी सोडल्यावर जुन्या पोस्ट ठेवाव्यात की काढाव्यात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

यातील दुसरे कलम पाळणे सर्वांत कठीण आहे. मालक त्याच मित्रयादीत असतो. त्याला कोणाचे स्टेटस दिसले आणि कोणाचे नाही, हे न पाहण्याचे कोणतेही बटण नाही. ते मनाशीच ठरवावे लागते. स्वतःच्या मोबाइलवर कर्मचाऱ्यांचे स्टेटस बंद करून ठेवण्याची सोय व्हॉट्सअॅपवर आहे, आणि फेसबुकवर मैत्री कायम ठेवूनही एखाद्याच्या पोस्ट न पाहण्याची. हे वचन खरोखर पाळायचे असलेल्या मालकाने हे दोन बदल आधी आपल्या मोबाइलवर करावेत आणि मगच कागद फलकावर लावावा.